एका बाटलीचे तीन आकडे : बोअरच्या पाण्यातलं लोखंड आणि ॲब्सॉर्बन्सचा लॉग

बोअरमधून उपसलं तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. बादलीत तासभर राहिलं आणि त्यावर तांबूस साय धरली. कोकणात जांभ्या दगडाच्या पट्ट्यात हे नवं नाही. जमिनीखाली प्राणवायू नसतो तिथे लोखंड फेरस रूपात मुकाट विरघळून राहतं. वर आलं, हवा लागली की फेरिक होतं आणि गंज होऊन तळाला बसतं. ज्यांची बोअर होती ते बागायतदार काका म्हणाले, "चहा टाकला की काळा पडतो, भात पिवळा होतो, आणि पांढरे कपडे तर विचारूच नका." चहा काळा पडणं ही लोखंडाची घरगुती परीक्षाच म्हणायची, कारण चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईसारखा रंग होतो. पण काकांना आता आकडा हवा होता. पाण्यात हवा खेळवून ते वाळूतून गाळायची टाकी बसवायची होती, आणि टाकी बसवणाऱ्याने लिटरला किती मिलीग्रॅम लोखंड ते विचारलं होतं.

नमुना आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आला तो आधीच थोडं आम्ल घातलेल्या बाटलीत. हे आम्ही हट्टाने पाळतो. साध्या बाटलीत आणलं तर वाटेतच निम्मं लोखंड काचेला चिकटतं किंवा तळाशी बसतं, आणि मग वरचं निवळ पाणी तपासून कोणाचंच भलं होत नाही.

तपासणी १,१०-फिनॅन्थ्रोलिनच्या पद्धतीने केली. पाणी घ्यायचं, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घालून आटवायचं, म्हणजे सगळं लोखंड फेरस होतं. गार झाल्यावर ॲसिटेट बफर, मग फिनॅन्थ्रोलिन, मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी. दहा-पंधरा मिनिटांत नारिंगी-लाल रंग पूर्ण चढतो. फेरसच्या एका आयनाभोवती फिनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू बसतात आणि त्या जुळणीचा हा रंग. तो निळा-हिरवा प्रकाश खातो म्हणूनच नारिंगी दिसतो, आणि म्हणूनच वाचन ५१० नॅनोमीटरवर घेतात, जिथे हा रंग सर्वांत जास्त प्रकाश शोषतो.

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली केमिस्ट हे काम करत होती. तिने ५० मिलिलिटर पाणी घेतलं, शेवटी ५० मिलिलिटरच्याच फ्लास्कमध्ये भरलं. म्हणजे पाणी पातळ न करता. एक सेंटीमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे चौकोनी पारदर्शक नळीत, तो भरला आणि रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या मीटरवर ॲब्सॉर्बन्सचं वाचन आलं १.३८१. आलेखावरून उत्तर निघालं लिटरला ७.१ मिलीग्रॅम.

इथे आलेख कसा तयार झाला ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

मोहरचं मीठ, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, ०.७०२२ ग्रॅम तोलून एक लिटर केलं की त्यात लिटरला बरोबर १०० मिलीग्रॅम लोखंड असतं. ते दहापट पातळ करून, त्यातून मोजून घेऊन तिने लिटरला ०.५, १, २, ३ आणि ४ मिलीग्रॅमचे प्रमाण द्राव तयार केले. लोखंड नसलेला, पण बाकी सगळी रसायनं घातलेला ब्लँक ठेवून मीटर १०० टक्के ट्रान्समिटन्सवर, म्हणजे सगळा प्रकाश पार झाला अशा खुणेवर, आणला. मग एकेक द्राव ठेवत गेली. १ मिलीग्रॅमच्या द्रावातून ६३.६ टक्के प्रकाश पार झाला, २ च्या द्रावातून ४०.६, ३ च्या २६.०, आणि ४ च्या १६.८.

हे आकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या मिलीग्रॅमने ३६ टक्के प्रकाश खाल्ला. दुसऱ्याने फक्त २३, तिसऱ्याने १५, चौथ्याने ९. लोखंड तेवढंच वाढतंय, पण त्याची भूक कमी होतेय असं वाटतं. तसं नाही. प्रत्येक मिलीग्रॅम त्याच्यापर्यंत जेवढा प्रकाश पोहोचतो त्याचा तेवढाच हिस्सा खातो. शंभरातले ६४ उरले, त्या ६४ चे साधारण ६४ टक्के म्हणजे ४१ उरले, त्या ४१ चे ६४ टक्के म्हणजे २६. वजाबाकी दर वेळी वेगळी, गुणाकार तोच. आणि गुणाकाराची बेरीज करायची असेल तर लॉग घ्यावा लागतो, शाळेत लॉगटेबल वापरून आपण हेच करायचो. पार झालेला प्रकाश भागिले आत गेलेला प्रकाश, या गुणोत्तराच्या लॉगचं चिन्ह उलटवलं की झाला ॲब्सॉर्बन्स:

```
A = -log10(I / I0) = ε · b · c
```

`b` म्हणजे क्युव्हेटची रुंदी, `c` म्हणजे द्रावाची तीव्रता, आणि `ε` त्या रंगाचा स्वतःचा आकडा. लोखंड-फिनॅन्थ्रोलिनसाठी तो सुमारे ११,१०० आहे, तीव्रता मोल प्रति लिटरमध्ये धरली तर. लोखंडाच्या मिलीग्रॅममध्ये उतरवलं की एका मिलीग्रॅमला जवळपास ०.२० ॲब्सॉर्बन्स पडतो. आमच्या द्रावांचं वाचन ०.०९८, ०.१९७, ०.३९१, ०.५८४ आणि ०.७७४ असं आलं. शून्यातून जाणारी रेषा काढली, तिचा उतार ०.१९४. म्हणजे वाचनाला ०.१९४ ने भागलं की मिलीग्रॅम.

माध्यमाच्या जाडीबरोबर प्रकाश असा गुणोत्तराने घटतो हे पिएर बूगेने १७२९ मध्ये मांडलं होतं, लॅम्बर्टने १७६० मध्ये ते सूत्रात बसवलं, आणि रंगीत क्षारांच्या द्रावांवर प्रयोग करून ऑगस्ट बीअरने १८५२ मध्ये तीव्रतेची बाजू जोडली. नावं मात्र बहुतेक पुस्तकांत दोघांचीच राहिली.

तर १.३८१ भागिले ०.१९४, उत्तर ७.१. मी वही पाहिली आणि विचारलं, "तुझी रेषा चारवर संपते. सात कुठून आलं?"

"मॅडम, रेषा सरळच आहे ना. पुढे वाढवली."

रेषा सरळ दिसते हे खरं, पण नीट पाहिलं तर तीही शेवटी किंचित वाकली आहे. उताराप्रमाणे चारच्या द्रावाला ०.७७६ यायला हवं होतं आणि ०.७७४ आलं, हे तर काहीच नाही. पण पहिल्या दोन द्रावांवरून उतार काढला तर तो ०.१९६-०.१९७ येतो, आणि त्या हिशोबाने चारला ०.७८ च्या वर जायला हवं होतं. आलेखाचं डोकं थोडं खाली झुकतंय. चारपर्यंत ते डोळ्यांत भरत नाही. सातच्या पुढे काय होत असेल ते आलेख सांगत नाही, कारण तिथे आपण एकही द्राव ठेवलेला नाही.

मग तिने रास्त तेच केलं. त्याच रंगीत द्रावातले १० मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ५० केले. वाचन ०.२९५, म्हणजे १.५२ मिलीग्रॅम, पाचपटीने ७.६. आता आकडा आलेखाच्या मधोमध पडत होता. पण एकाच फ्लास्कमधल्या एकाच द्रावाचे ७.१ आणि ७.६ असे दोन आकडे का?

याचं उत्तर लॉगमध्ये दडलेलं आहे. मीटरच्या आत लॉग वगैरे काही घडत नाही. डिटेक्टर फक्त प्रकाश मोजतो, ॲब्सॉर्बन्स हा नंतर केलेला हिशोब. आणि मशीनच्या आत थोडा भटका प्रकाश नेहमीच असतो: प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीवर बसलेल्या धुळीवरून विखुरलेला, झाकणाच्या फटीतून आलेला, ५१० सोडून भलत्याच लांबीचा. हा भटका प्रकाश नारिंगी द्राव खात नाही, कारण त्यात लाल भाग बराच असतो आणि लाल तर या द्रावातून सरळ निघून जातो. समजा तो एक टक्का आहे. १ मिलीग्रॅमच्या द्रावातून खरा प्रकाश ६३ टक्के येतोय, त्यात एक मिसळला तर फारसं कळत नाही. पण द्राव इतका गडद असेल की खरा प्रकाशच तीन टक्के येतोय, तर तोच एक टक्का एक तृतीयांश भेसळ ठरतो. डिटेक्टरला वाटतं जास्त प्रकाश आला, आणि लॉग घेतल्यावर ॲब्सॉर्बन्स कमी दिसतो.

किती भटका आहे ते मोजायची एक सोपी युक्ती आहे. पाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण मोजणाऱ्या सीओडी चाचणीच्या टायट्रेशनसाठी फेरॉइन इंडिकेटर बहुतेक पाणी-प्रयोगशाळांत असतो. फेरॉइन म्हणजे हाच लोखंड-फिनॅन्थ्रोलिनचा रंग, फक्त अतिशय तीव्र. तो दहापट पातळ केला तरी ५१० वर ॲब्सॉर्बन्स २७ च्या पुढे असतो. एक टक्का प्रकाश पार झाला तर ॲब्सॉर्बन्स दोन, हजारावा भाग पार झाला तर तीन, असं मोजत गेलं तर २७ म्हणजे प्रकाशाचा एक कणही पार व्हायला नको. क्युव्हेटमध्ये तो ठेवला, शटर लावून शून्य नीट जुळवला, आणि ट्रान्समिटन्स वाचला. शून्याऐवजी १.० आला. म्हणजे जो पार होतोय तो सगळा भटका.

आता हिशोब करून पाहिला. पातळ केलेल्या वाचनावरून मूळ द्राव साधारण ७.५ मिलीग्रॅमचा धरला तर खरा प्रकाश ३.२ टक्के यायला हवा. त्यात एक मिसळला, ब्लँकच्या वाचनातही तोच एक मिसळलेला असतो म्हणून १०१ ने भागलं, उरलं ४.२ टक्के. त्याचा ॲब्सॉर्बन्स १.३८. आमचं पहिलं वाचन जवळपास अंकाला अंक.

इथे आम्ही दोघी खूश झालो, आणि तीच चूक झाली. ७.१ का आलं हे कळलं, म्हणून ७.६ खरं आहे असं आम्ही धरून चाललो. मी तर काकांना फोनवर "साडेसातच्या आसपास" असं सांगूनही टाकलं.

संध्याकाळी वही पुन्हा चाळताना माझं लक्ष फिनॅन्थ्रोलिनच्या ओळीवर गेलं. ०.१ टक्क्याचा द्राव, ४ मिलिलिटर. या पद्धतीत एक ठोकताळा आहे: असा १ मिलिलिटर द्राव ०.१ मिलीग्रॅम लोखंडाला पुरतो. तीन रेणू एका लोखंडाला लागतात, त्याचा हा सरळ हिशोब. म्हणजे ४ मिलिलिटर ०.४ मिलीग्रॅमला. आणि आमच्या ५० मिलिलिटरमध्ये ७.६ च्या हिशोबाने लोखंड किती? ०.३८ मिलीग्रॅम. उत्तर रसायनाच्या क्षमतेच्या अगदी कडेला येऊन थांबलं होतं. पाण्यात लोखंड किती आहे ते आम्ही मोजलंच नव्हतं, बाटलीतलं फिनॅन्थ्रोलिन मोजलं होतं!

खात्री करायला दोन परीक्षानळ्या पुरल्या. दोन्हींत त्याच मूळ रंगीत द्रावाचे पाच-पाच मिलिलिटर घेतले. एकीत एक मिलिलिटर पाणी घातलं, दुसरीत एक मिलिलिटर फिनॅन्थ्रोलिन. दोन्ही सारख्याच पातळ झाल्या, म्हणजे दोन्हींचा रंग थोडा फिका व्हायला हवा होता. पाण्याची झाली. फिनॅन्थ्रोलिनची मात्र बघता बघता डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद झाली. आत जोडीदाराची वाट पाहणारं फेरस शिल्लक होतं, त्याला आता जोडीदार मिळाला.

रंगीत द्राव नंतर पातळ केल्याने हा दोष का उघडा पडला नाही, हेही यातून स्पष्ट होतं. रंग न चढलेलं लोखंड पातळ केल्यानंतरही बिनरंगीच राहतं. नंतरच्या पाण्याने भटक्या प्रकाशाचा दोष जातो, रसायन कमी पडल्याचा दोष तसाच राहतो. तिने पाण्याऐवजी ब्लँकने पातळ केलं असतं तर ब्लँकमधलं फिनॅन्थ्रोलिन आत गेलं असतं आणि आकडा एकदम वर उडाला असता. तेव्हा आम्ही चक्रावलो असतो, पण निदान संशय तरी आला असता.

दुसऱ्या दिवशी मूळ बाटलीतलं पाणीच पातळ करून घेतलं. १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर आम्लापासून पुढची सगळी क्रिया केली आणि शेवटी ५० मिलिलिटर भरले. वाचन ०.४६९, म्हणजे २.४२ मिलीग्रॅम, पाचपटीने १२.१. मग ५ मिलिलिटर घेऊन तसंच केलं: ०.२३६, दहापटीने १२.२. दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर उत्तर तेच येतंय, हीच खरी खूण. पहिल्या दिवशी ती नव्हती.

तरी एक परीक्षा घ्यायची राहिली होती. १० मिलिलिटर पाणी घेतलेल्या आणखी एका फ्लास्कमध्ये आधीच मोजून लोखंड टाकलं, इतकं की शेवटी लिटरला एक मिलीग्रॅम वाढावा. वाचन ०.६६१ आलं, म्हणजे ३.४१, म्हणजे २.४२ वर ०.९९ ची भर. टाकलेलं जवळजवळ सगळं परत मिळालं. हीच परीक्षा पहिल्या फ्लास्कवर घेतली असती तर टाकलेलं लोखंड गडप झालं असतं, आकडा हलला नसता, आणि सगळा गोंधळ पाच मिनिटांत कळला असता.

आमच्या नव्या केमिस्टचा एक प्रश्न राहिला होता. "फिनॅन्थ्रोलिन पुरेसं घातलं असतं, आणि पातळ केलंच नसतं तर?" प्रश्न चांगला होता म्हणून तेही करून पाहिलं. ५० मिलिलिटर पाणी, यावेळी १२ मिलिलिटर फिनॅन्थ्रोलिन. द्राव आधीपेक्षा कितीतरी गडद झाला. वाचन १.८५५, आलेखावरून ९.६. म्हणजे रसायन पुरेसं असूनही एकट्या भटक्या प्रकाशाने बाराचे साडेनऊ केले. त्या वेळी पार होणारा खरा प्रकाश ०.४ टक्का होता आणि भटका १. मीटर पाहत होता तो बहुतेक भटकाच.

भटका प्रकाश नसता तरी इतक्या गडद द्रावावर मी विश्वास टाकला नसता, आणि त्यालाही कारण लॉगच. पडद्यावर ट्रान्समिटन्स एका टक्क्याने इकडेतिकडे झाला असं समजा. ६४ चा ६३ झाला तर लोखंडात ०.०३५ मिलीग्रॅमचा फरक पडतो. २ चा १ झाला तर दीड मिलीग्रॅमचा. उलट टोकालाही अडचण आहे: द्राव फारच फिका असेल तर ९९ आणि ९८ टक्क्यांतला फरक छोटा, पण मोजायचं लोखंडही तेवढंच छोटं, त्यामुळे टक्केवारीत चूक पुन्हा मोठी. मध्ये कुठेतरी, ॲब्सॉर्बन्स साधारण ०.२ ते ०.८, तिथे हे मशीन निवांत असतं.

अहवालात १२.१ लिहिलं, आणि खाली नमुना पाचपट पातळ करून तपासल्याची नोंद. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आता लोखंडाची मर्यादा लिटरला १.० मिलीग्रॅम आहे, पूर्वी ती ०.३ होती. काकांच्या पाण्यात कोणत्याही हिशोबाने ती कितीतरी ओलांडलेली होती, पण टाकी किती मोठी लागेल आणि वाळू किती दिवसांनी उलट धुवायची ते साडेसात आणि बाराने बदलतं.

काका अहवाल न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलंच, "ताई, फोनवर साडेसात म्हणाला होतात ना?"

मी त्यांना त्या दोन परीक्षानळ्या दाखवल्या. अजून टेबलावरच होत्या, एक फिकी आणि एक गडद. त्यांनी दोन्ही उजेडाकडे धरून पाहिल्या आणि म्हणाले, "म्हणजे आधी रंगच कमी पडला होता."

मशीनची जाळी साफ करायला माणूस यायचा आहे. तोवर झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली आहे: फेरॉइनला १.० टक्का, ॲब्सॉर्बन्स ०.८ च्या वर वाचू नये. आणि आमच्या नव्या केमिस्टने फिनॅन्थ्रोलिनच्या बाटलीवर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, ४ मिलिलिटर = ०.४ मिलीग्रॅमपर्यंतच.